रोजगाराच्या वाटा : गिऱ्हाईक तुमच्या चॅनलवर काय शोधते?

मुलाचे यूट्यूब चॅनल आहे, रात्र रात्र जागून तो व्हिडिओ बनवतो, पण घरात एक पैसा येत नाही, ही तक्रार हल्ली बऱ्याच घरांत ऐकू येते. तक्रार खोटी नाही. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर चॅनलचे 1,000 सदस्य लागतात आणि वर्षभरात लोकांनी 4,000 तास ते पाहिलेले असावे लागते, नाही तर 90 दिवसांत शॉर्ट्स 1 कोटी वेळा पाहिले गेलेले असावे लागतात. बहुतेक मुले तिथवर पोहोचतच नाहीत.

पण त्याच चॅनलचा दुसरा उपयोग आहे. दुकानाची जाहिरात, शाळेचे स्नेहसंमेलन, मुशायरा, लग्न यांचे चित्रण करून हवे असणारे लोक नागपुरात सतत माणूस शोधत असतात. त्यांच्यासाठी चॅनल म्हणजे दुकानाची दर्शनी काच. इथे हजार प्रेक्षकांची गरज नाही, काम देणारा एक प्रेक्षक पुरतो. मात्र त्याच्यासाठी काच वेगळी मांडावी लागते.

हे गिऱ्हाईक कसे पाहते? कुणीतरी व्हॉट्सॲपवर दुवा पाठवलेला असतो. ते गल्ल्यावर बसून मोबाइलवर मिनिटभर पाहते आणि स्वतःच्या कामासारखे काम शोधते. बेकरीवाल्याला बेकरी दिसली पाहिजे, शाळेच्या मुख्याध्यापकांना व्यासपीठ. तिथे मित्रांबरोबरची फुटाळ्याची सहल आणि मोबाइलची परीक्षणे आधी दिसली तर तो चॅनल बंद करतो. म्हणून कामाचे चॅनल वेगळे ठेवावे. पहिल्या पानावर साठ-सत्तर सेकंदांचा परिचय-व्हिडिओ लावावा आणि खाली ‘दुकाने’, ‘कार्यक्रम’, ‘लग्न’ अशा वेगळ्या याद्या कराव्यात. प्रत्येक यादीत दोन-तीन चांगले नमुने पुरेत. एक कच्चा नमुना चार चांगल्यांवर पाणी फिरवतो.

अजून एकही काम मिळाले नसेल तर नमुना आणायचा कुठून? एक उदाहरण घेऊ. समजा, मोमिनपुऱ्यातील एका बेकरीचा रमजानमधला व्हिडिओ करायचा आहे. मालकाची परवानगी घेऊन दुपारी जावे. तेव्हा भट्टी चालू असते आणि मालकाला बोलायला उसंत असते. भट्टीतून निघणारा ट्रे, नानखटाईवर पडणारा हात, खोक्याला बांधली जाणारी दोरी ही दृश्ये जवळून घ्यावीत. असरनंतर गर्दी वाढते, ती बाहेरून, लोकांच्या पाठीमागून टिपावी. मगरिबच्या आधीची पंधरा-वीस मिनिटे मालकाच्या वाटेला जाऊ नये.

घरी आल्यावर त्याच चित्रणातून दोन व्हिडिओ करावेत : मालकाच्या स्टेटससाठी अर्ध्या मिनिटाचा उभा आणि चॅनलसाठी एक मिनिटाचा आडवा. पहिल्या तीन सेकंदांत माल दिसला पाहिजे, स्वतःचे फिरते बोधचिन्ह नव्हे. शेवटी दुकानाचे नाव, गल्ली आणि वेळ वाचता येईल इतका वेळ स्थिर ठेवावी. खाली वर्णनात लिहावे : ‘एका दुपारचे चित्रण, दोन दिवसांचे संकलन.’ दुसरा कॅमेरा मित्राने धरला असेल तर त्याचेही नाव द्यावे. या दोन ओळींवरून पुढच्या दुकानदाराला आपल्या कामाला किती दिवस लागतील ते कळते.

संगीताबाबत सावध राहावे. सिनेगीत, कव्वाली किंवा प्रसिद्ध नात मागे लावली तर यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते. मग व्हिडिओ अडवला जातो किंवा त्यावरचे जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. दुकानदाराने तोच व्हिडिओ आपल्या पानावर टाकला तर त्याचाही आवाज बंद होऊ शकतो, आणि बोल तुम्हाला लागतो. यूट्यूबच्या स्टुडिओत मोफत संगीताचा संग्रह आहे, तो वापरावा. भट्टीचा, तव्याचा, गिऱ्हाइकांचा खरा आवाज त्याहूनही चांगला.

कार्यक्रमांच्या कामात निकष वेगळा असतो. सुंदर तुकडे जोडून वर संगीत टाकलेला व्हिडिओ आयोजकाला फारसे काही सांगत नाही, कारण त्याला भाषण ऐकू येईल की नाही याची चिंता असते. म्हणून एखाद्या मुशायऱ्याची किंवा व्याख्यानाची सलग तीन मिनिटे, न कापता, चॅनलवर ठेवावीत. शेर स्वच्छ ऐकू यावा, मागची दादही यावी. कॅमेऱ्याच्या माइकवर हे साधत नाही. ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरमधून तार घ्यावी किंवा व्यासपीठावर छोटा रेकॉर्डर ठेवावा.

सर्वांत नाजूक भाग लग्नाचा. सर्वांत जास्त काम तिथेच आणि दाखवायला सर्वांत कमी तेच. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटाचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, तो करवून घेणारा असतो. म्हणजे पैसे घेऊन केलेला निकाहचा व्हिडिओ आपण कष्टाने केला असला तरी परस्पर चॅनलवर टाकता येत नाही. काम ठरवतानाच कागदावर एक ओळ घालावी : कोणते भाग नमुना म्हणून दाखवण्यास कुटुंबाची संमती आहे. तोंडी ‘चालेल’ पुरेसे नाही, कारण ‘चालेल’ म्हणणारा वराचा भाऊ असतो आणि हरकत घेणारी वधूची आई.

संमती मिळाली तरी चेहऱ्यांशिवाय पुष्कळ दाखवता येते : मेंदीचे हात, निकाहनाम्यावरची सही, खजुरांची ताटे, वलीम्याची देग, मंडपातला प्रकाश. स्त्रियांच्या बाजूचे चित्रण अनेक घरांना स्त्रीकडूनच हवे असते. हे काम शिकलेल्या मुलींना इथे जागा आहे. त्यांनी चॅनलवर सजावट आणि हात एवढेच ठेवावे आणि पूर्ण नमुना, त्या कुटुंबाला विचारून, समोर बसून लॅपटॉपवर दाखवावा. Unlisted केलेला व्हिडिओ गुप्त असतो असे समजू नये. ज्याच्या हाती दुवा पडेल तो ते पाहू शकतो. Private केलेला व्हिडिओ मात्र आपण ज्यांचे ई-मेल पत्ते दिले त्यांनाच दिसतो.

फोन आला की दर सांगायची घाई होते. आधी दिवस मोजावेत. समजा, बेकरीसारख्या कामाला चित्रणाचा एक आणि संकलनाचे दोन दिवस लागतात आणि दिवसाचे 1,500 रुपये धरले, तर 4,500 झाले. लेन्सचे भाडे 1,000 आणि ये-जा, साठवण यांचे 500 मिळून 6,000. निम्मे आधी घ्यावेत. दुरुस्ती किती वेळा करून देणार तेही लिहावे, नाही तर दोन दिवसांचे संकलन आठ दिवस चालते आणि कमाई कागदावरच राहते.

शेवटी एक वही ठेवावी. फोन करणाऱ्याला विचारावे, “कोणता व्हिडिओ पाहून फोन केलात?” आणि उत्तर टिपावे. दहा फोनांनंतर चित्र दिसू लागते. सगळे बेकरीचेच नाव घेत असतील तर तसा दुसरा नमुना करावा. ज्याचे नाव कुणीच घेत नाही तो, आपल्याला कितीही आवडत असला तरी, पहिल्या पानावरून काढावा. लोक दर विचारून गप्प होत असतील तर आपला दर आणि नमुना एकमेकांशी जुळत नाहीत असे समजावे. तारीख विचारणारे फोन येऊ लागले की समजावे, काच नीट मांडली गेली आहे.