प्रथमोपचार पेटीची साठावही

मार्चअखेरीस प्रत्येक पेढीत मालाची मोजदाद होते. ठाण, गाठी, डबे, पोती, सारे नगानगाने मोजून वहीत उतरते आणि ताळेबंदाशी जुळते. त्याच पेढीच्या भिंतीवर टांगलेली प्रथमोपचाराची पेटी मात्र या मोजदादीतून सुटते. तिची तपासणी म्हणजे झाकण उघडून आत ‘काहीतरी आहे’ एवढे पाहणे. भरलेली दिसणारी पेटी आणि उपयोगी पडणारी पेटी यांतील अंतर मोजल्याशिवाय कळत नाही.

सोळा माणसे काम करीत असलेल्या एका घाऊक कापड पेढीचे उदाहरण घेता येईल. पुढे दुकान, मागे गोदाम, कोपऱ्यात चहाची शेगडी. येथील नित्याची दुखापत म्हणजे गाठीची पोलादी पट्टी कापताना ती उसळून तळहाताला बसणारी चीर. अशी चीर खोल असेल तर हातमोजे घालून जखमेवर निर्जंतुक गॉजची घडी घट्ट दाबून धरावी लागते. रक्त वर आले तर पहिली घडी न काढता तिच्यावरच दुसरी ठेवायची, प्रसंगी तिसरी, आणि वरून गुंडाळपट्टी बांधायची. म्हणजे एकाच जखमेला तीन घड्या, एक गुंडाळपट्टी आणि हातमोज्यांचा निदान एक जोड लागू शकतो.

येथेच व्यापाराचा नेहमीचा हिशेब थोडा बदलावा लागतो. दुकानातील माल सरासरी खपावर मागवला जातो; महिन्याला दहा नग खपत असतील तर त्या बेताने भरणा होतो. प्रथमोपचार पेटीला हे गणित लावले तर फसगत होते. गॉजच्या घडीची वर्षाची सरासरी पाहिली तर ती महिन्याला एकही भरणार नाही. परंतु लागेल तेव्हा एकाच घटकेला तीन लागतील. म्हणून पेटीतील किमान साठा सरासरीवर न ठरवता एका वाईट घटकेवर ठरवावा. गाठ घसरून दोघे एकदम जखमी झाले तर काय लागेल, ही ती घटका. गॉजच्या घड्यांसाठी हा किमान आकडा सहा येतो. पूर्ण साठा त्याच्या दुप्पट, म्हणजे बारा ठेवला की एक प्रसंग पार पडल्यावरही दुसऱ्यापुरते हाताशी उरते.

अशा रीतीने प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे येतात: पूर्ण साठा आणि किमान साठा. वहीचे एक पान त्यासाठी पुरते. त्यावर सात रकाने आखावेत: वस्तू, एकक, पूर्ण, किमान, आज वापरण्याजोगे, सर्वांत जवळची मुदत आणि मोजणाऱ्याची सही. यांतील ‘एकक’ हा रकाना क्षुल्लक वाटतो, पण अर्धा घोटाळा त्याच्याच अभावी होतो. ‘गॉज – १’ असे लिहिले असेल तर ते एक पाकीट की एक घडी, हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. हातमोजे जोडीत, गॉज घडीत, जलसंजीवनी पुडीत मोजावी आणि तसे शब्दांत लिहावे.

आता त्याच पेढीतील १ एप्रिल २०२६ची मोजणी पाहावी. गॉजच्या सात घड्या सापडल्या. आकडा किमानाच्या वर आहे, म्हणून वरवर पाहणारा समाधानाने पुढे गेला असता. पण एका घडीचे वेष्टन कडेला फाटले होते. वेष्टन फाटले किंवा ओले झाले की मुदत कितीही पुढची असो, घडी निर्जंतुक राहत नाही. दोन घड्यांची मुदत ०२/२०२६ होती. औषधांच्या वेष्टनावर महिना आणि वर्ष एवढेच छापलेले असेल तर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत वस्तू वापरता येते, असा आपल्याकडील औषध नियमांचा अर्थ आहे. हाच दंडक पेटीतील इतर वस्तूंना लावला की गोंधळ राहत नाही. त्यानुसार या दोन घड्या २८ फेब्रुवारीलाच बाद झाल्या होत्या. सातातून तीन गेल्या, उरल्या चार. किमान सहा असताना चार, म्हणून त्याच दिवशी आठ आणणे आले.

हातमोजे नऊ सुटे मिळाले. पत्र्याच्या छताखालच्या उष्णतेने त्यांतील दोन एकमेकांना चिकटून ओढताच फाटले. उरलेल्या सातांचे तीनच जोड होतात. पूर्ण साठा सहा जोडांचा, म्हणून तीन जोड मागवावे लागले. जलसंजीवनीच्या सहाही पुड्या जागेवर होत्या आणि मुदत ०८/२०२७ होती. तरी चार पुड्यांत ओलीमुळे गठ्ठे झाले होते. छापील मुदत ही वस्तू सांगितल्याप्रमाणे ठेवली असेल, तरच खरी. त्या चार बाद झाल्या आणि पेटीची जागाही बदलली. शेगडीपासून आणि छतापासून दूर, हिशेबाच्या खोलीतील सावलीच्या भिंतीवर ती आली.

जखम धुण्यासाठी ठेवलेल्या निर्जंतुक सलाइनच्या तीन लहान बाटल्यांपैकी एक उघडी होती. झाकण परत लावले तरी उघडलेली बाटली निर्जंतुक राहत नाही, म्हणून ती टाकून दिली. उरलेल्या दोघींची मुदत ०५/२०२६, म्हणजे ३१ मेपर्यंत होती. येथे पेढीच्या मुनिमाने व्यापाऱ्याला साजेसा मार्ग काढला. पेटीत नव्या चार बाटल्या ठेवल्या आणि जुन्या दोन रोजच्या किरकोळ वापरासाठी बाहेर काढल्या. मुदतीआधी वापरल्या गेल्या तर उत्तम, न वापरल्या तर ३१ मेला टाकायच्या.

हा ‘किरकोळ वापर’ पेटीपासून वेगळा काढणे फार उपयोगाचे ठरते. पेटी रिकामी होते ती मोठ्या अपघातांनी क्वचितच; कागदाने कापले, टाचणी टोचली, टाच घासली, अशा कारणांनी चिकटपट्ट्या आणि टेप एकेक करून जातात आणि त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. म्हणून वीस चिकटपट्ट्या, एक टेप आणि धुण्याचे पाणी एवढे एका लहान पिशवीत गल्ल्याजवळ ठेवावे. मुख्य पेटीला कुलूप मात्र कधीही लावू नये, कारण किल्ली ज्याच्याकडे असते तो नेमका त्या वेळी बाहेर गेलेला असतो. कुलपाऐवजी झाकणावर कागदाची सही केलेली पट्टी चिकटवावी. ती कोणालाही क्षणात फाडता येते. पट्टी अखंड असेल तर आतले नग बदललेले नाहीत, फक्त मुदती पाहायच्या. पट्टी फाटलेली असेल तर त्याच दिवशी पूर्ण मोजणी करायची.

पेटीत काय नसावे, हेही यादीतच ठरते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४५ ने पेटीत विहित वस्तूंखेरीज दुसरे काही ठेवू नये आणि तिची जबाबदारी एका ठराविक व्यक्तीकडे असावी, असे घालून दिले होते. पेढी लहान असली तरी हे दोन्ही नियम लावून घेण्यासारखे आहेत. बहुतेक पेट्यांत डोकेदुखीच्या, पित्ताच्या, सर्दीच्या गोळ्यांचे कापलेले तुकडे सापडतात. पट्टी कापताना मुदत छापलेला कोपरा दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो. उरलेल्या तुकड्यावर गोळीचे नावही धड वाचता येत नाही. असा तुकडा ज्याची मुदत ठाऊक नाही तो मुदतबाह्य, या न्यायाने बाद करावा. चिकटपट्ट्यांचीही हीच अडचण असते. मुदत बाहेरच्या खोक्यावर असते आणि खोके फेकले जाते. खोके ठेवायचे नसेल तर पट्ट्या पारदर्शक पिशवीत घालून तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने मुदत लिहावी. मलमाची नळी उघडली की तिच्यावर उघडल्याची तारीख टाकावी.

खरेदीला जाताना मोजणीचे पान बरोबर न्यावे. ‘एक तयार पेटी द्या’ म्हटले की जे आहे तेच पुन्हा येते आणि जे उणे आहे ते उणेच राहते. औषध दुकानदार जवळच्या मुदतीचा माल आधी काढतो. प्रत्येक व्यापारी तेच करतो, त्यात गैर काही नाही. पण या पेटीतील माल खपण्यासाठी नसून थांबण्यासाठी आहे. म्हणून निदान दोन वर्षे मुदत उरलेला माल आवर्जून मागावा आणि पैसे देण्यापूर्वी प्रत्येक वेष्टन वाचून पाहावे.

आठवण माणसाच्या स्मरणावर सोडू नये. मोजणीसाठी एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीची पहिली तारीख मोबाइलच्या दिनदर्शिकेत दरवर्षी आपोआप येणारी म्हणून नोंदवावी. त्याखेरीज प्रत्येक नव्या वस्तूची मुदत संपण्याआधी दोन महिने एक स्वतंत्र आठवण लावावी. तिच्यात नुसते ‘पेटी पाहा’ असे न लिहिता ‘सलाइन चार बाटल्या बदलणे, मुदत ०४/२०२८’ असे पूर्ण लिहावे, म्हणजे वाचणाऱ्याला पेटी न उघडताही काय आणायचे ते कळते. ही आठवण दोघांच्या मोबाइलमध्ये असावी. एकजण गावी गेला तर दुसऱ्याला ती मिळते.

एवढे करूनही पेटीची मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. घट्ट दाब देऊनही रक्त थांबत नसेल, बोटांची हालचाल वा संवेदना गेली असेल, किंवा जखमेत काही रुतलेले असेल, तर पेटीतील वस्तू दवाखान्यात पोहोचेपर्यंतचाच आधार असतात. रुतलेली वस्तू ओढून काढू नये. तिच्यावर न दाबता तिच्या दोन्ही बाजूंनी दाब द्यावा. यासाठी झाकणाच्या आतल्या बाजूला १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी ठळक अक्षरांत चिकटवावा. बाहेरच्या बाजूला मात्र तीन ओळी पुरतात: शेवटची मोजणी केव्हा झाली, सर्वांत आधी कोणती वस्तू कोणत्या महिन्यात संपते, आणि पेटी कोणाच्या जबाबदारीवर आहे.