जॅमर लावायचा अधिकार कुणाला?

मॉलच्या, हॉस्पिटलच्या किंवा मोठ्या दुकानसंकुलाच्या पार्किंगमध्ये परत आल्यावर चाकाला पिवळा जॅमर दिसतो. शेजारी शिट्टी घेतलेला अटेंडंट उभा असतो. "साहेब, पाचशे भरा, काढून देतो." बहुतेक लोक थोडी हुज्जत घालतात, पैसे देतात आणि निघून जातात. हा पैसा कुठल्या कायद्याखाली घेतला, हे विचारणारा क्वचितच भेटतो. तो प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी, असे मला वाटते.

आधी जॅमरचे पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये 'व्हील क्लॅम्पिंग'चा स्पष्ट उल्लेख आहे. पण ते कलम सार्वजनिक जागेवर दहा तास किंवा अधिक काळ उभ्या असलेल्या वाहनासाठी आणि कायद्याने पार्किंग निषिद्ध असलेल्या जागेवरच्या वाहनासाठी आहे. तिथेही वाहन जखडण्याची परवानगी देणारा माणूस कोण, हे त्यात लिहिलेले आहे: त्या हद्दीचा अधिकार असलेला, गणवेशातला पोलीस अधिकारी. खाजगी जागेचा मालक, त्याचा पार्किंग ठेकेदार किंवा ठेकेदाराचा अटेंडंट यांचे नाव त्या कलमात नाही. खाकीसारखा शर्ट घातल्याने ते येत नाही.

मग मालकाकडे उरतो तो करार. जागा त्याची आहे, त्यामुळे अटी घालण्याचा त्याला हक्क आहे. फाटकावर दर आणि नियम लिहिले, तुम्ही ते पाहून आत गेलात, तर करार झाला असे तो म्हणू शकतो. आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका संकुलात ग्राहकांसाठी तासाला ४० रुपये दर आहे. तुम्ही गाडी लावली, रस्त्यापलीकडच्या बँकेत गेलात आणि वीस मिनिटांनी परतलात. 'बाहेर गेलेल्या ग्राहकास ५०० रुपये दंड' अशी पाटी दाखवून जॅमर लावला गेला आहे.

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला: ५०० रुपये देणे लागता का? भारतीय करार कायद्याचे कलम ७४ सांगते की, करार मोडल्यास किती रक्कम द्यायची हे करारात लिहिले असले तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. म्हणजे पाटीवर ५०० लिहिले म्हणून ५०० आपोआप देय होत नाहीत. एका तासाच्या जागेची किंमत मालकाने स्वतःच ४० रुपये ठरवली आहे. ५०० वाजवी कसे, हे त्याला पटवून द्यावे लागेल, आणि तेही अटेंडंटला नाही तर न्यायाधीशाला.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवता येते का? गॅरेजवाला दुरुस्तीचे बिल मिळेपर्यंत गाडी ठेवून घेऊ शकतो, कारण त्याने वस्तूवर श्रम आणि कौशल्य खर्च केलेले असते. हा हक्क कलम १७० देते. त्यापुढचे कलम १७१ बँकर, वकील अशा मोजक्या धंद्यांना व्यापक हक्क देते. त्या यादीत पार्किंगवाला नाही. शिवाय चावी तुमच्याच खिशात असेल, तर गाडी त्याच्या ताब्यात दिली असेही म्हणता येत नाही. तुम्ही फक्त जागा वापरली. त्याचे पैसे राहिले असतील तर तो मागू शकतो, नोटीस पाठवू शकतो, दावा लावू शकतो. गाडी ओलीस ठेवण्याचा हक्क यातून निघत नाही.

"पण लोक वाटेल तिथे गाड्या लावतात, त्यांचे काय?" हा प्रश्न रास्त आहे. फाटक अडवणारी गाडी हा त्रासच आहे. पण जॅमर काय करतो, ते पाहा. जी गाडी तिथून हलायला हवी, तिलाच तो तिथे खिळवून ठेवतो. अडथळा दूर करणे हा हेतू असेल तर हे उलटे साधन आहे. वसुली हा हेतू असेल, तर मात्र उत्तम साधन आहे.

ब्रिटनने हा अनुभव घेतला आहे. स्कॉटलंडमध्ये १९९२ च्या ब्लॅक विरुद्ध कारमायकल खटल्यात खाजगी जागेवर जॅमर लावून पैसे मागणे ही खंडणी आणि चोरी ठरली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१२ पासून कायदेशीर अधिकाराशिवाय असा जॅमर लावणे हा गुन्हा आहे. त्याच कायद्याने जागामालकांना वाहनाच्या नोंदणीकृत धारकाकडून शुल्क मागण्याची वाटही ठरवून दिली. पुढे २०१५ मध्ये पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन तासांच्या मोफत मुदतीपेक्षा ५६ मिनिटे जास्त थांबलेल्या चालकावरचे ८५ पौंडांचे शुल्क योग्य ठरवले. कारण त्या जागेत सुमारे वीस पाट्या होत्या, मोठ्या, ठळक आणि वाचता येतील अशा. म्हणजे नियम मोडणारा सुटला नाही. फक्त वसुली चाकावरून कागदावर गेली.

आपल्याकडे पाटी बहुधा आतल्या खांबावर असते, गाडी लावल्यावर दिसणारी. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे 'मी सहमत आहे' हे बटण खरेदीच्या आधी दाखवतात, नंतर नाही. पार्किंगची पाटीही फाटकाबाहेर, परत फिरायला जागा असताना, मराठीत दिसली पाहिजे.

साध्या पार्किंग शुल्काचा वाद यापेक्षा निराळा आहे. मॉलने शुल्क घेऊ नये, असे गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये शुल्काला मान्यता दिली. त्या वादाचा निकाल काहीही लागो, शुल्क म्हणजे दंड नव्हे आणि दंड म्हणजे जप्ती नव्हे.

प्रत्यक्ष वेळ आली तर अटेंडंटशी भांडू नका. तो ठेकेदाराचा पगारी मुलगा असतो, नियम त्याने केलेला नसतो. जॅमर तोडू नका, नाहीतर मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार उलटी तुमच्यावर येईल. जॅमरचा फोटो काढा. फाटकावरच्या पाटीचा फोटो ड्रायव्हरच्या सीटवरून काढा, म्हणजे तिथून काय वाचता येते ते दिसेल. ठेकेदाराचे नाव असलेली पावती मागा. तरीही सोडत नसतील तर ११२ ला फोन करा. घाई असेल आणि पैसे द्यावेच लागले, तर रोख न देता यूपीआयने द्या आणि टिपेत 'हरकत नोंदवून' असे लिहा. पैसे कुणाच्या खात्यात गेले, हे तिथेच कळते. खाते एखाद्या व्यक्तीचे निघाले, तर संकुलाच्या व्यवस्थापनाला विचारायचा पहिला प्रश्न तयार झाला. व्यवस्थापनाकडे लेखी परतावा मागा. उत्तर आले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

पाचशे रुपयांसाठी इतका खटाटोप कोण करणार, याच हिशेबावर हा धंदा चालतो. म्हणून एकेकट्याच्या तक्रारीबरोबर राज्य सरकारकडे दोन मागण्याही गेल्या पाहिजेत: खाजगी जागेवर जॅमरला स्पष्ट बंदी, आणि दर, दंड व ठेकेदाराचे नाव सांगणारी पाटी फाटकाबाहेर सक्तीची.