पैसे जमा होतात, पण निघत नाहीत: केवायसीमुळे अडकलेल्या खात्यात नेमकं काय बंद पडतं?

दूध संस्थेचं बिल जमा झाल्याचा मेसेज मोबाईलवर येतो. बँक मित्राकडे अंगठा लावायला गेलं की मशीन व्यवहार नाकारतं. मोबाईलवरून किराणा दुकानदाराला पैसे पाठवले तर पेमेंट फेल. शेवटी शाखेत गेल्यावर काउंटरवरून दोनच शब्द ऐकू येतात, ‘केवायसी पेंडिंग’. गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगडच्या वाड्या-वस्त्यांवरून शाखेची एक फेरी म्हणजे एका दिवसाचा रोजगार बुडाला. म्हणून नेमकं काय अडकलंय ते जाण्याआधीच समजून घेतलेलं बरं.

केवायसी एकदा दिली म्हणजे कायमची झाली, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक प्रत्येक ग्राहकाची जोखीम ठरवते. जास्त जोखमीच्या ग्राहकाची केवायसी दोन वर्षांनी, मध्यम जोखमीची आठ वर्षांनी आणि कमी जोखमीची दहा वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली. त्या वर्षी गावोगावी उघडलेल्या खात्यांची दहा वर्षं २०२४ पासून भरत आली, आणि एकदम लाखो खाती ‘पेंडिंग’च्या यादीत गेली. म्हणूनच १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात देशभर ग्रामपंचायत पातळीवर री-केवायसीची शिबिरं लावली गेली. तरीही ज्यांची राहिली, त्यांना आता अडचण येते.

डेबिट फ्रीझ की टोटल फ्रीझ?

शाखेत पहिला प्रश्न हाच विचारा. केवायसीसाठी खातं अडवताना बँका साधारणपणे डेबिट फ्रीझ लावतात. म्हणजे दार एकाच बाजूनं बंद. उसाचं बिल, दुधाचं बिल, पीएम किसानचा हप्ता, कुणी पाठवलेले पैसे आत येत राहतात, पण बाहेर काही जात नाही. एटीएम, अंगठ्याचं मशीन, यूपीआय, चेक, काउंटरवरची पैसे काढायची स्लिप, सगळं थांबतं. शिल्लक मात्र बहुतेक वेळा दिसते, त्यामुळे माणूस गोंधळतो. पैसे गेलेले नसतात, अडकलेले असतात.

टोटल फ्रीझमध्ये जमा होणंही थांबतं आणि अनुदानाची रक्कम परत जाते. खात्री करायची साधी युक्ती म्हणजे घरातल्या कुणाला तरी त्या खात्यावर एक रुपया पाठवायला सांगा. जमा झाला तर दार एका बाजूनं तरी उघडं आहे.

खरं नुकसान होतं ते न दिसणाऱ्या व्यवहारांत. खात्यातून आपोआप कापले जाणारे हप्तेसुद्धा डेबिटच असतात. फायनान्स कंपनीचा गाडीचा हप्ता परत गेला की दंड लागतो आणि कर्जाचा इतिहास खराब होतो, खात्यात पैसे असूनसुद्धा! त्याहून गंभीर गोष्ट विम्याची. जीवन ज्योती विम्याचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी खात्यातून कापले जातात. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. डेबिट बंद असेल तर ही रक्कम कापली जात नाही आणि संरक्षण थांबतं. जीवन ज्योतीत मृत्यूनंतर वारसांना दोन लाख मिळतात, सुरक्षा विम्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. पासबुकात ही नोंद दरवर्षी येते का, हे बघायची सवय फार थोड्यांना आहे. मे महिन्यात खातं अडकलेलं होतं असं आठवत असेल, तर शाखेत जाऊन ते बघाच.

तारखेचा हिशोब

आता ग्राहकाच्या बाजूचा नियम, जो काउंटरवर क्वचितच कुणी सांगतं. १२ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेनं केवायसीच्या नियमात बदल केला. त्यानुसार कमी जोखमीच्या वैयक्तिक ग्राहकाचे सर्व व्यवहार बँकेनं चालू ठेवायचे आहेत. केवायसीची मुदत संपल्यापासून एक वर्ष, किंवा ३० जून २०२६, यातली जी तारीख नंतरची, तोपर्यंत ही सवलत आहे.

समजा राधानगरी तालुक्यातल्या एका बाईंनी सप्टेंबर २०१४ मध्ये जनधन खातं उघडलं आणि त्यानंतर केवायसी दिलीच नाही. त्यांची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. वर्ष धरलं तर सप्टेंबर २०२५ येतो, पण ३० जून २०२६ ही त्यानंतरची तारीख. म्हणून त्यांना ३० जून २०२६ पर्यंत सवलत. त्यांच्या जावेचं खातं फेब्रुवारी २०१६ चं असेल, तर मुदत फेब्रुवारी २०२६ ला संपते आणि सवलत फेब्रुवारी २०२७ पर्यंत जाते. मधल्या काळात कधी केवायसी दिली असेल, तर दहा वर्षं त्या तारखेपासून मोजायची.

यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे तुम्ही कमी जोखमीत आहात की नाही, हे बँक ठरवते आणि नियमानुसार ते तुम्हाला सांगत नाही. दुसरी, पॅन किंवा फॉर्म ६० दिलेला नसेल तर खातं थांबवायचं ते वेगळं कारण आहे. तिथे ही तारखेची सवलत कामाला येत नाही. मात्र तिथेही आधी नोटीस देऊन म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. म्हणून दुसरा प्रश्न असा विचारा, ‘केवायसीची मुदत संपली म्हणून अडवलंय, की पॅन-फॉर्म ६० नाही म्हणून?’ पॅन नसेल तर फॉर्म ६० जागेवर भरून देता येतो.

सूचनेचा नियमही आहे. मुदतीआधी किमान तीन आणि मुदतीनंतर किमान तीन सूचना द्यायच्या, आणि दोन्ही वेळा त्यातली किमान एक पत्रानं. बँकांना हे १ जानेवारी २०२६ पासून बंधनकारक आहे. पण मोबाईल नंबर बदललेला आणि पत्ता माहेरचा असेल, तर या सूचना पोचणार कुठे?

काम तसं लहान आहे. नाव-पत्ता काहीच बदललं नसेल तर ‘बदल नाही’ एवढं स्वतःचं लेखी म्हणणं पुरतं. ते नोंदवलेल्या मोबाईलवरून, बँकेच्या अ‍ॅपवरून, एटीएमवर किंवा पत्रानं देता येतं. जून २०२५ च्या बदलानुसार बँका ते बँक मित्रामार्फतही घेऊ शकतात. फक्त पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याचं म्हणणं द्या, बँक दोन महिन्यांत त्याची पडताळणी करते. शाखा बदलायची गरज नाही, त्याच बँकेची जवळची कुठलीही शाखा चालते. कागद दिल्यावर तारखेची पोच मागा. पोच देणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

एक गल्लत सगळीकडे होते. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, पीएम किसानची ई-केवायसी आणि रेशनकार्डची ई-केवायसी या त्या-त्या योजनेच्या असतात. त्या केल्या म्हणून बँकेची केवायसी होत नाही. उलटही तसंच. आधार खात्याला जोडणं हेही वेगळं काम. काही जण कंटाळून दुसऱ्या बँकेत खातं काढून आधार तिकडे जोडतात. पुढचे हप्ते नव्या खात्यात येतातही, पण जुन्या खात्यात अडकलेली रक्कम तिथेच राहते आणि तिच्यासाठी जुन्याच बँकेत केवायसी द्यावी लागते.

‘आज रात्री खातं बंद होईल’ असं सांगून व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी फाईल आली तर ती उघडू नका. केवायसीसाठी बँक कधीच ओटीपी किंवा पिन मागत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

कागद देऊनही खातं सुरू झालं नाही, तर पोच जोडून शाखेत लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. तक्रारीत खातं कोणत्या तारखेपासून अडकलं आणि त्या काळात कोणता हप्ता परत गेला, हे नक्की लिहा.