बारशाला कान टोचू नका, सहावा महिना येऊ द्या

आपल्या बाळापूर भागात बारसं ठरलं की पाळणा, घुगऱ्या आणि सोनार यांची तयारी बरोबरच सुरू होते. बाळाला मामाच्या मांडीवर बसवायचं, सोनारानं दोन्ही कानांतून सोन्याची तार घालून वळवायची आणि आजीनं वरून हळद-तेल लावायचं. कळमनुरी, वसमत, हिंगोली, कुठंही जा, थोड्याफार फरकानं हेच दिसेल. ही रीत मोडा असं मी सांगत नाही. कान टोचा, सोनंही घाला, मामालाही बोलवा. फक्त दिवस बदला आणि टोचण्याची पद्धत बदला, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

बाराव्या दिवशी बाळाची नाळ नुकतीच गळून पडलेली असते, कधी तर बेंबी ओलीच असते. जंतूंशी लढायची त्याची स्वतःची ताकद अजून तयार व्हायची असते. मोठ्या माणसाच्या कानाला पू झाला तर कान ठणकतो, आठ दिवसांत बरा होतो. एवढ्याशा बाळात मात्र तोच जंतू कानावरून रक्तात उतरायला फार वेळ लागत नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर डॉक्टर ती तातडीची बाब मानतात. बहुतेक वेळा बाळाला भरती करतात, रक्त तपासतात, कधी पाठीतलं पाणीही तपासावं लागतं. कानाच्या एका छिद्रापायी एवढं सारं अंगावर येऊ शकतं.

दुसरी भीती धनुर्वाताची. भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात दूर झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये मान्य केलं. पण त्याचा अर्थ एवढाच की प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी बाळाला तो होतो. त्याचा जंतू बीजरूपानं मातीत, धुळीत, शेणात आजही आहे आणि राहणार आहे. गरोदरपणी आईनं धनुर्वाताची इंजेक्शनं घेतली असतील तर तिच्याकडून बाळाला काही महिने पुरेल एवढं संरक्षण मिळतं. ती राहून गेली असतील तर बाराव्या दिवशी त्या बाळाकडे काहीही नसतं.

इथं हळदीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपला जिल्हाच हळदीचा. हळद काढतात ती मातीतून, मग शिजवतात, मग उघड्यावर पसरून वाळवतात, मग पॉलिश करून दळतात. धनुर्वाताचं बीज साध्या उकळण्यानं मरत नाही, आणि शिजवल्यानंतर हळद पुन्हा धुळीतच वाळते. अशी हळद भाजीत घालायला उत्तम. पण ताज्या जखमेत ती भरली म्हणजे शेतातली धूळ आपण आपल्या हातानं बाळाच्या अंगात घालतो. कडुनिंबाच्या काडीचं तेच, मालिशच्या तेलाचंही तेच. सोनार तार दिव्याच्या ज्योतीवर धरतो. तिनं तारेवर काजळी चढते, पण तार सगळीकडून सारखी तापलीच असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. हे बीज खात्रीनं मारायला दाबाखालची १२१ अंश सेल्सिअसची वाफ पंधरा-वीस मिनिटं लागते. दवाखान्यातलं ऑटोक्लेव्ह यंत्र तेच काम करतं.

आजीबाई म्हणतील, आमच्या सगळ्यांचे कान बारशालाच टोचले, काय झालं? काहींना काहीच झालं नाही, हे खरं. पण रीतच बघायची तर ती आणखी मागं जाऊन बघू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्याबद्दलच आहे, आणि त्यात कान टोचायला सांगितलेत ते सहाव्या किंवा सातव्या महिन्यात. बाळाला मांडीवर घेऊन खेळण्यात रमवावं, पाळी डाव्या हातानं ताणून धरावी, उन्हात जिथून उजेड आरपार दिसतो तिथंच सरळ टोचावं, असं तिथं बारकाईनं सांगितलंय. उजेड दिसतो त्या जागी रक्तवाहिनी नसते, हे त्यामागचं कारण. चुकीच्या जागी टोचलं तर ताप, सूज, गाठी आणि मान ताठ होणं, झटके येणं इथवरचे धोकेही तिथं नोंदवलेत. खराब सुईनं किंवा फार जाड वात घातल्यानं कान सुजला तर ती वात काढून आधी कान बरा करावा, नंतर पुन्हा टोचावा, असाही सल्ला आहे. तेव्हा सहावा महिना धरला म्हणून रीत बुडत नाही.

आणि हा सहावा महिना आजच्या लसीकरणाशी नेमका जुळतो. समजा बाळ १ जूनला जन्मलं. बारसं १२ जूनच्या आसपास होईल. सहा आठवड्यांचा पेंटाव्हॅलंट डोस १३ जुलैला, दहा आठवड्यांचा १० ऑगस्टला आणि चौदा आठवड्यांचा ७ सप्टेंबरला येतो. या लसीतच धनुर्वात आणि कावीळ ब या दोन्हींपासून संरक्षण आहे, आणि टोचण्याच्या सुईतून येऊ शकणारे हे दोन मोठे आजार आहेत. तिसऱ्या डोसानंतर दोन आठवडे जाऊ द्या, म्हणजे २१ सप्टेंबर झाला. त्याआधी कानाला हात लावू नका. एखादा डोस उशिरा झाला तर तेवढाच कान टोचण्याचा दिवसही पुढं ढकला. नोव्हेंबरमध्ये बाळाला सहावा महिना लागतो, तेव्हा चांगला दिवस बघून मामाला बोलवा. आशाताईंकडून माता-बाल संरक्षण कार्ड बघून तिन्ही तारखा भरल्यात का याची खात्री करा. बारशाच्या दिवशी मन राखायला सोन्याची तार देवापुढं ठेवा, बाळाच्या पाळीला गंधाचा ठिपका लावा. तेवढं पुरे.

मामा आला की त्यालाच एक प्रश्न विचारा. लहानपणी दात पडताना, खरचटल्यावर किंवा सांध्यात कधी रक्त थांबेना असं झालं होतं का? हिमोफिलिया हा रक्त न गोठण्याचा आजार आईकडून मुलात उतरतो, त्यामुळं तो मामाला असेल तर भाच्यालाही असू शकतो. उत्तर हो आलं तर मुलाचे कान तपासणी झाल्याशिवाय टोचायचे नाहीत. बाळाला हृदयाचा जन्मजात दोष असेल, ते दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, वजन फार कमी असेल, किंवा अंगावर पुरळ, ताप, सर्दी असेल तरी थांबा. घरात कुणाच्या जखमेवर वण वाढून गाठ येत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता टोचायचं कुणी? नांदेड किंवा हिंगोलीचे बालरोगतज्ज्ञ, नाहीतर कान-नाक-घशाचे डॉक्टर हा सगळ्यात निर्धोक मार्ग. बाळापूरच्या ग्रामीण रुग्णालयातही आधी जाऊन विचारा. सोनाराचा मान ठेवायचा तर तार त्याच्याकडूनच घ्या. ती बारीक, गुळगुळीत, २२ कॅरेटची असावी आणि टोक घासून बोथट केलेलं असावं. आदल्या दिवशी ती दवाखान्यात देऊन ऑटोक्लेव्ह करून घ्या. बेंटेक्स किंवा पांढरं सोनं नको, कारण त्यात बहुधा निकेल असतं आणि ताज्या छिद्रातून निकेलची अ‍ॅलर्जी एकदा लागली की ती जन्मभर पिच्छा सोडत नाही. टोचणाऱ्यानं तुमच्यासमोर हात धुवावेत, हातमोजे घालावेत आणि एकदाच वापरायच्या सुईचं सीलबंद पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडावं. सोनारालाच टोचायचं असेल तर त्यानंही हे सगळं करावं, हा तुमचा आग्रह असू द्या. बंदुकीसारख्या यंत्रानं टोचत असतील तर बाळाला लागणारा भाग सीलबंद आणि एकदाच वापरायचा आहे का ते विचारा. अख्खं यंत्र निर्जंतुक करता येत नाही.

टोचण्याआधी बाळाला बसतं धरून दोन्ही पाळ्यांवर शाईचे ठिपके द्या आणि समोरून बघा. ठिपका पाळीच्या मधोमध हवा. फार खाली टोचलं तर पुढं दागिन्याच्या वजनानं पाळी ओघळते. आणि मुलाला हौसेनं भिकबाळी घालायची असेल तर बाळपणी अजिबात नको. कानाच्या वरच्या भागात कूर्चा असते, तिला स्वतःचं रक्त नसतं. तिथं जंतू शिरला की औषध पोचायला अवघड जातं, कूर्चा विरघळते आणि कान कायमचा वाकडा होतो.

दुखू नये म्हणून भुलीचं इंजेक्शन मागू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकातल्या चामराजनगर जिल्ह्यात कान टोचण्याआधी भूल दिलेलं बाळ दगावलं आणि भुलीचं औषध जास्त झाल्याचा आरोप घरच्यांनी केला. बाळाचा देह इतका लहान असतो की औषधाचा थोडासा जास्त अंशही त्याला सोसत नाही. सुन्न करणारं मलमही स्वतःहून लावू नका. टोचायच्या आधी आणि नंतर लगेच अंगावर पाजा. आईच्या कुशीत, दूध पिताना बाळाचा आक्रोश लवकर ओसरतो.

पुढचे सहा आठवडे तार काढायची नाही. दिवसातून दोनदा, साबणानं हात धुऊन, मेडिकलमधल्या सलाईनच्या पाण्यानं कापसाचा बोळा ओला करून कानाची पुढची-मागची बाजू पुसा आणि कोरडी करा. खपली दिसली तर भिजवून सोडवा, तार जोरानं फिरवू नका. न्हाऊ घालणाऱ्या बाईला बजावून ठेवा की मालिशचं तेल आणि डाळीचं पीठ कानाला लागता कामा नये. कुंचीची लेस आणि लोकरीच्या टोपड्याचा धागा तारेत अडकून पाळी फाटते, म्हणून तेवढे दिवस साधं सुती टोपडं घाला.

पहिले दोन-तीन दिवस पाळी थोडी लाल राहील, पाण्यासारखा स्राव सुकून खपली धरेल, त्याला घाबरू नका. पण लाली पसरत गेली, पाळी गरम आणि टणक झाली, पिवळा-हिरवा पू आला, तार किंवा मागचा फासा मांसात रुतायला लागला, वरचा कान सुजला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळाला दूध ओढता येत नसेल, जबडा आवळलेला वाटत असेल, हात लावताच अंग ताठ होत असेल तर एक तासही वाट बघू नका. तार घरी उपसू नका, कारण छिद्र वरून बुजतं आणि पू आत कोंडतो. ती काढायची की ठेवायची हे डॉक्टर ठरवतील. आणि दवाखान्यात पाय ठेवताच पहिल्यांदा सांगा की कान कधी, कुणी आणि कशानं टोचले. कुंचीत गुंडाळलेल्या तापाच्या बाळाचा कान चटकन कुणाला दिसत नाही.