अपूर्णांकाचा एक तास आणि त्याचे पाठ टाचण

दरवर्षी पालकसभेत एक सूचना हमखास येते. वर्गातली हुशार मुले एका तुकडीत आणि कच्ची मुले दुसऱ्या तुकडीत बसवा, म्हणजे गणित तरी नीट होईल. सूचना करणारे पालक तळमळीने बोलतात आणि काही विश्वस्तांनाही ते पटते. आम्हाला ते पटत नाही. निदान अपूर्णांकाच्या बाबतीत तरी अडचण मुलांच्या सरमिसळीत नसून आपण तासाची आखणी ज्या तऱ्हेने करतो त्यात आहे, असे आमचे मत आहे. ते नुसते मत राहू नये म्हणून एकच तास घेऊन तो येथे उलगडून दाखवतो.

आपल्याकडचा पाचवी-सहावीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके मिळून २०२३ साली वेगळा जिल्हा झाला खरा, पण मुलांची स्थिती जुनीच आहे. घरी मराठी, वहीत हिंदी. घरी जे अपूर्णांक असतात ते पुस्तकात भिन्न होतात, आणि मराठी कानाला भिन्न म्हणजे वेगळे. आपण ज्याला छेद म्हणतो त्याला पुस्तक हर म्हणते, आणि हर म्हणजे तर प्रत्येक. हे शब्द पाठ होतात, पण आत काही उतरत नाही. गंमत अशी की त्याच मुलाला दुकानात पाठवा आणि अदपाव चहापत्ती आणायला सांगा. पाव किलोच्या पैशात दुकानदाराने अदपाव दिली तर ते मूल भांडून येईल. म्हणजे १/४ हा १/८ पेक्षा मोठा असतो हे त्याला पक्के ठाऊक आहे. पण फळ्यावर १/४ आणि १/८ लिहून मोठा कोणता असे विचारले की वर्गातली बरीच मुले १/८ म्हणतात. का, तर आठ चारापेक्षा मोठे.

अपूर्णांकाची मुख्य गाठ आमच्या मते हीच. वाटणी मुलाला कळते, खूण कळत नाही. एकावर एक लिहिलेले दोन आकडे मिळून एकच संख्या होते, हे न उमगल्यामुळे ते दोन सुट्या संख्या वाचते. बेरजेत अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारे मूल हीच चूक पुढे नेत असते. म्हणून बेरीज शिकवण्याआधी एक अख्खा तास नुसत्या तुलनेसाठी राखून ठेवावा, असा आमचा आग्रह आहे.

आता टाचणाकडे वळू. बहुतेक टाचणांत उद्दिष्ट असे असते: ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकाची संकल्पना समजेल.’ वाक्य छान आहे, पण तास संपल्यावर ते साधले की नाही हे कोण आणि कसे ठरवणार? त्याऐवजी असे लिहावे: ‘अंश १ असलेल्या दोन अपूर्णांकांपैकी मोठा कोणता हे प्रत्येक मूल सांगेल आणि पट्टी दाखवून किंवा वाटणी सांगून का ते पटवून देईल.’ हे सगळ्या वर्गासाठी. बहुतेक मुले त्यापुढे जाऊन अंश सारखा असलेले अपूर्णांक, जसे ३/४ आणि ३/८, यांची तुलना करतील. काही मुले अंश आणि छेद दोन्ही वेगळे असलेल्या जोड्यांपर्यंत पोचतील. उद्दिष्ट एकच राहते, फक्त जाण्याचे अंतर वेगळे.

साहित्याबद्दल थोडे सांगतो, कारण तास बिघडतो तो बहुधा येथेच. आपल्या भागात उदाहरण म्हणून संत्रे लगेच हाताशी येते. पण संत्र्याच्या फोडी सारख्या नसतात आणि प्रत्येक फळात तेवढ्याच नसतात, तेव्हा संत्रे वाटणीच्या गप्पांना ठीक, मोजायला नाही. भाकरीचे चार भाग होतात, पण तीन समान भाग करताना मोठ्यांचीही तारांबळ उडते. सगळ्यांत सोयीची कागदाची पट्टी, २४ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद. चोवीसच का? कारण तिचे तिसरे भाग ८ सेंटिमीटरचे, चौथे ६ चे, सहावे ४ चे आणि आठवे ३ चे येतात, कुठेच तुटक माप येत नाही. वर्गात ३८ मुले धरली तर १९ जोड्या होतात. प्रत्येक जोडीला ५ पट्ट्या म्हणजे ९५, आणि ए-४ आकाराच्या एका कागदातून ७ निघतात, तेव्हा १४ कागद पुरे. पट्ट्या सगळ्यांच्या सारख्याच लांबीच्या हव्यात. वहीत मुले १/८ दाखवायला लांब पट्टी काढतात आणि १/४ दाखवायला आखूड, आणि मग चुकीचे उत्तर चित्राने सिद्ध करून दाखवतात.

तास ४० मिनिटांचा. पहिली ५ मिनिटे दोन प्रश्नांची. एक भाकर चौघांत वाटली आणि तेवढीच एक आठ जणांत, तर एकेकाला जास्त कुठे? मग फळ्यावर १/४ आणि १/८. दोन्ही उत्तरे मुलांनी पाटीवर लिहायची आणि सांगताच सगळ्यांनी एकदम पाटी वर करायची. हात वर करणाऱ्या एकाला विचारले तर एकाचेच कळते, येथे ३८ उत्तरे एका नजरेत दिसतात. पहिले उत्तर बरोबर आणि दुसरे चूक अशा पाट्या किती, तो आकडा टाचणाच्या कडेला टिपून ठेवावा.

पुढची १२ मिनिटे पट्ट्यांची. एक पट्टी अखंड ठेवायची, दुसरीच्या घड्या घालून चौथे भाग, तिसरीचे आठवे, उरलेल्या दोन पट्ट्यांवर मोजपट्टीने ८ आणि ४ सेंटिमीटरवर खुणा करून तिसरे आणि सहावे. प्रत्येक भागावर अंकात लिहायचे आणि तोंडाने तिन्ही शब्द म्हणायचे: पाव, एक छेद चार, एक बटे चार. शब्दांचा पूल बांधायचा तो येथेच, शिक्षकाने वेगळे भाषण देऊन नाही.

सतराव्या मिनिटाला पहिली तपासणी, ३ मिनिटांची. पट्ट्या पालथ्या ठेवून पाटीवर लिहायचे: १/३ आणि १/६, मोठा कोणता? टाचणात याच ठिकाणी एक ‘तर’ लिहिलेला असला पाहिजे, आणि आमच्या पाहण्यात तो क्वचितच असतो. दहापेक्षा जास्त पाट्या चुकल्या तर पट्ट्यांचे काम आणखी ५ मिनिटे चालवायचे आणि तेवढा वेळ पुढच्या कामातून कापायचा. हे आधी ठरवले नसेल तर शिक्षक घड्याळ पाहून पुढे सरकतो आणि ती दहा मुले मागे राहतात ती राहतातच.

नंतरची १२ मिनिटे वेगवेगळ्या कामांची, पण पट्ट्या त्याच आणि जागाही त्याच. ज्यांची पाटी चुकली त्यांनी १/८, १/६, १/४, १/३ असे भाग एकाखाली एक ठेवून लहानापासून मोठा क्रम लावायचा आणि कारण शेजाऱ्याला सांगायचे. इतरांनी ३/४ आणि ३/८, २/३ आणि २/६ या जोड्या पाहायच्या. जे झरझर पुढे जातात त्यांना पट्टीला हात न लावता ५/६ आणि ७/८ मधला मोठा शोधायला द्यावा. येथे हुशार म्हणवणारी मुलेही अडखळतात. दोन्हींत एकच तुकडा कमी आहे, म्हणून दोन्ही सारखे, असे ती ठामपणे सांगतात. त्यांना उत्तर सांगू नये, एवढेच विचारावे की कमी पडलेला तुकडा कुठला मोठा. १/६ मोठा, म्हणून तेथे जास्त उणे, म्हणून ७/८ मोठा. पट्टीवर ताडून पाहिले तर २० आणि २१ सेंटिमीटर. आणि लक्षात घ्या, या मुलांना शेवटी गरज पडली ती १/६ आणि १/८ च्या तुलनेचीच, म्हणजे मागच्या बाकावर चाललेल्या कामाचीच. तुकड्या वेगळ्या केल्या असत्या तर हे एकमेकांच्या कानावर पडलेच नसते.

चार मिनिटे दोन-तीन मुलांना कारणे सांगू द्यावीत आणि शेवटच्या चार मिनिटांत चिठ्ठी. तिच्यावर तीनच जोड्या: १/६ आणि १/८, ३/४ आणि ३/८, १/४ आणि ५/८. तिसरी जोडी मुद्दाम घातली आहे. या तासाचा एक धोका असा की मुले एक आयते सूत्र घेऊन घरी जातात: खालचा आकडा मोठा तर अपूर्णांक लहान. असे मूल पहिल्या दोन जोड्या बरोबर सोडवते आणि तिसरीत १/४ मोठा म्हणते. ज्याला अजून नुसते आकडेच दिसतात ते १/८, ३/८ आणि ५/८ लिहिते, म्हणजे तिसरे उत्तर त्याचे बरोबर येते, पण चुकीच्या वाटेने. तिन्ही बरोबर असतील तरच काही कळले म्हणायचे. एकूण तीन पैकी किती गुण, हा हिशेब येथे निरुपयोगी आहे, कोणते चुकले ते पाहावे. चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करायला पाच-सात मिनिटे लागतात आणि दुसऱ्या दिवशीचे टाचण त्या गठ्ठ्यांवरून लिहिता येते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. पाचवे आणि सातवे भाग या पट्टीवर नीट बसत नाहीत, आणि एकापेक्षा मोठे अपूर्णांक, आपले सव्वा आणि दीड, यांना दुसरा तास लागतो. वाटणी आणि मोजणी या दोन्ही अंगांनी अपूर्णांक शिकवण्यावर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी काम केले आहे, आणि एनसीईआरटीच्या २०२४ च्या सहावीच्या नव्या पुस्तकातही धडा पोळीच्या समान वाट्यांपासूनच सुरू होतो. तेव्हा हे आमचे काही नवे खूळ नाही.

विश्वस्तांना आमची विनंती अशी की टाचणवहीवर सही करताना चिठ्ठ्यांचे गठ्ठेही मागून पाहावेत. अक्षर वळणदार आहे का यापेक्षा सतराव्या मिनिटाचा ‘तर’ लिहिला आहे का, हे विचारावे. एका तासात धडा अर्धाच झाला म्हणून पालकांनी घाबरू नये. ज्या आजी-आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली आहे त्यांनी नातवंडांना पाढे जरूर म्हणून दाखवावेत, पण त्याबरोबर अदपाव मोठा की पाव हेही विचारावे आणि ते अंकांत लिहून घ्यावे. मुलांनो, पट्ट्या लिफाफ्यात घालून जपून ठेवा, बेरजेच्या तासाला त्याच लागतील.