शिबिर संपल्यावर सहकाऱ्यांना काय विचारावे?

वसंत ऋतूत आपल्यापैकी अनेकजण सामुदायिक वमन शिबिरांत सहभागी होतात. शिबिराचा समारोप होतो, अभिप्रायाची वही एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि तीत 'नियोजन उत्तम', 'असे उपक्रम वारंवार व्हावेत', 'भोजनव्यवस्था चोख' अशी वाक्ये जमा होतात. ही वाक्ये सद्भावनेने लिहिलेली असतात, यात शंका नाही. परंतु पुढील वर्षी कोणती गोष्ट वेगळी करावी हे त्यांतून कळत नाही. माझ्या मते हा दोष उत्तरे देणाऱ्यांचा नसून प्रश्न विचारणाऱ्याचा आहे. 'शिबिर कसे झाले?' या प्रश्नाला सभ्य मनुष्य 'छान झाले' याहून निराळे उत्तर देणार नाही.

रुग्णाची परीक्षा दर्शन, स्पर्शन व प्रश्न या तीन मार्गांनी करावी, हे आपण विद्यार्थिदशेत शिकलो. अम्लपित्ताच्या रुग्णाला आपण 'प्रकृती कशी आहे?' एवढे विचारून सोडत नाही. दाह जेवणापूर्वी होतो की नंतर, रात्री किती वाजता जाग येते, उलटी आंबट की कडू, असे विचारतो. स्वतःच्या उपक्रमाची परीक्षा करताना मात्र हा संस्कार आपण विसरतो. सहकाऱ्याने प्रत्यक्ष काय पाहिले, हे विचारण्याऐवजी त्याला सर्वांविषयी मत विचारतो; आणि मत देताना तो वयाने ज्येष्ठ कोण, यजमान कोण, याचाही विचार करतो.

हे प्रश्न कसे असावेत, ते एका तालुक्याच्या गावी झालेल्या शिबिराच्या आधारे पाहू. एका दिवशी ६ रुग्णांचे वमन करावयाचे होते. मुख्य वैद्य एक, अभ्यंग-स्वेदनाची जबाबदारी एका वैद्यांकडे, पीठाशेजारी बसणारे दोन वैद्य, म्हणजे प्रत्येकाकडे ३ रुग्ण, स्नेहपानाच्या काळात रुग्णांशी दूरध्वनीवर संपर्क ठेवणाऱ्या एक वैद्य भगिनी आणि सिद्ध घृत पुरविणारे एक फार्मसीचालक, अशी मंडळी होती. वमन निर्विघ्न पार पडले. दोघा रुग्णांना मात्र वेग उशिरा आले आणि एकाची शुद्धी ४ वेगांवर, म्हणजे अवर म्हणून नोंदविली गेली.

संयोजकांनी त्याच दिवशी दुपारी, रुग्ण विश्रांती घेत असताना, प्रत्येक सहकाऱ्याला मोबाईलवर स्वतंत्र संदेश पाठविला. प्रत्येकाला फक्त दोन किंवा तीन प्रश्न, तेही तो ज्या जागी उभा होता तेथील. शेवटी एवढेच लिहिले होते : 'उद्या दुपारी १२ पर्यंत एकेका ओळीत उत्तर पुरे. रुग्णाचे नाव न लिहिता नोंदणी क्रमांक लिहावा.'

स्वेदन सांभाळणाऱ्या वैद्यांना विचारले : 'पहिल्या जोडीचे स्वेदन किती वाजता संपले आणि शेवटच्या जोडीचे किती वाजता? मधल्या वेळात रुग्ण कोठे बसले?' पीठाशेजारच्या वैद्यांना विचारले : 'तुमच्याकडील तिघांपैकी पहिला वेग सर्वांत उशिरा कोणाला आला? त्याआधी त्याच्यात काय दिसले?'

उत्तरे संध्याकाळपर्यंतच आली. स्वेदनाच्या वैद्यांनी कळविले की मेजे दोनच होती, एका जोडीस अभ्यंग व स्वेदन मिळून ४० मिनिटे लागली, म्हणून ६ वाजता सुरू केलेल्या पहिल्या जोडीचे ६.४० ला, दुसरीचे ७.२० ला व तिसरीचे ८ वाजता संपले. रुग्ण व्हरांड्यात बसले होते. पीठाशेजारच्या दोन्ही वैद्यांनी एकमेकांस न विचारता जवळजवळ सारखेच लिहिले. एकाने क्रमांक १ विषयी 'हात गार, अंगावरचा घाम वाळलेला' असे, तर दुसऱ्याने क्रमांक २ विषयी 'बसताना शाल मागितली' असे.

सहाही रुग्णांना एकाच वेळी दुग्धपान द्यावे, असा मुख्य वैद्यांचा आग्रह होता व त्याप्रमाणे ते ८ वाजता सुरू झाले. म्हणजे पहिली जोडी स्वेदनानंतर ८० मिनिटे व दुसरी ४० मिनिटे सकाळच्या गारव्यात बसून होती. तिसरी जोडी मात्र स्वेदनावरून उठून थेट पीठावर आली. ही वेळ मुख्य वैद्यांना ठाऊक नव्हती, कारण ते स्वेदनाच्या खोलीत नव्हते. आणि वेग उशिरा आल्याचे स्वेदनाच्या वैद्यांना ठाऊक नव्हते, कारण ते पीठाजवळ नव्हते. दोन ओळी शेजारी ठेवल्यावरच कारणाचा अंदाज बांधता आला. दोन रुग्णांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. तथापि उपाय इतका सोपा होता की तो करून पाहण्यात काहीच जात नव्हते. प्रत्येक जोडीने स्वेदनानंतर लगेच पीठावर बसावे, म्हणजे दुग्धपान ६.४०, ७.२० व ८ वाजता सुरू व्हावे. शेवटची जोडी तशीही ८ लाच बसणार, त्यामुळे शिबिर लांबत नाही. उलट सहाही रुग्णांचे वेग एकाच वेळी सांभाळण्याची परिचारकांची धावपळ वाचते.

येथे प्रश्नांच्या शब्दांकडे लक्ष द्यावे. 'काय चुकले?' असे कोठेही विचारलेले नाही. तसे विचारले की सहकारी मनात कोणाची चूक हे ठरवतो आणि मग मित्राला सांभाळून घेतो. 'किती वाजता?', 'कोठे थांबावे लागले?', 'कशासाठी धावावे लागले?', 'कोणती गोष्ट दोनदा समजावून सांगावी लागली?' या प्रश्नांत कोणावर ठपका नाही, म्हणून उत्तर मोकळेपणाने येते. उत्तर सुचविणारा प्रश्नही टाळावा. 'स्वेदन अपुरे झाले असे वाटते का?' असे विचारले असते, तर अर्ध्यांनी 'हो' म्हटले असते आणि व्हरांड्यातील ८० मिनिटे कोणाच्याच ध्यानात आली नसती.

प्रश्न लगेच व स्वतंत्रपणे विचारण्यामागेही कारण आहे. आपल्याकडे शिबिरानंतर पंधरवड्याने आढावा बैठक घेण्याची पद्धत आहे. तोवर घड्याळातील वेळा विस्मरणात जातात आणि बैठकीत प्रथम ज्येष्ठ बोलतात. त्यानंतर कनिष्ठ वैद्य 'सरांनी सांगितलेच आहे' म्हणून बसतात. बैठक अवश्य घ्यावी, पण उत्तरे हाती आल्यावर. फार्मसीचालक तर अशा बैठकीस बहुधा निमंत्रितच नसतात, आणि हे मला सर्वांत अधिक खटकते.

कारण अवर शुद्धीचा उलगडा त्यांच्याकडूनच झाला. त्या रुग्णाचा कोष्ठ क्रूर असावा, असे मुख्य वैद्यांचे अनुमान होते. पुढील खेपेस स्नेहाची मात्रा वाढवावी, असेही ते म्हणाले होते. फार्मसीचालकांना मात्र एकच प्रश्न विचारला होता : 'परत आलेल्या बाटल्यांत क्रमांकानुसार किती घृत उरले आहे?' प्रत्येकास ४५० मि.लि. ची बाटली व ३० मि.लि. चे माप दिले होते. आरोही मात्रा ३०, ६०, ९०, १२० व १५० अशी पाच दिवसांची, म्हणजे बेरीज बरोबर ४५०. दोघांना चौथ्या दिवशीच सम्यक् स्निग्ध लक्षणे दिसल्याने त्यांचे स्नेहपान थांबविले होते. त्यांच्या बाटल्यांत सुमारे १५० उरणे अपेक्षित होते व तेवढेच उरले. बाकी चौघांच्या बाटल्या रिकाम्या हव्या होत्या. तिघांच्या होत्या. अवर शुद्धीच्या रुग्णाच्या बाटलीत मात्र सुमारे १२० मि.लि. घृत होते. बाटलीला चिकटून राहणारे घृत इतके भरत नाही.

दूरध्वनी करणाऱ्या वैद्य भगिनींना विचारलेला प्रश्न होता, 'मात्रेविषयी कोणी काही विचारले का? त्यांचेच शब्द लिहावेत.' त्यांच्या उत्तरात त्याच क्रमांकापुढे 'दुसऱ्या दिवशी माप हरवले म्हणाले, घरातली वाटी वापरू का विचारले' असे लिहिलेले होते. तोंडी होकार मिळाला होता. वाटी किती मि.लि. ची हे कोणी पाहिले नव्हते. म्हणजे रुग्णाने पाचही दिवस स्नेह घेतला, पण ठरविल्यापेक्षा बराच कमी. कोष्ठाच्या अनुमानावर मात्रा वाढविली असती, तर पुढच्या खेपेस अचूक मापाने तीच वाढीव मात्रा त्याच्या पोटात गेली असती. आता फार्मसीचालक बाटलीवरच पाच आडव्या रेघांची पट्टी चिकटवतात. प्रत्येक सकाळी घृत कोणत्या रेघेपर्यंत उतरले पाहिजे, ते तीवर दिसते. माप हरवले तरी अडत नाही.

एक प्रश्न मात्र त्या दिवशी विचारून उपयोग नसतो. पीठावरील वैद्यांच्या दृष्टीने उपक्रम वमनाच्या दिवशी संपतो, पण रुग्णाचा संसर्जनक्रम शुद्धीनुसार ३, ५ किंवा ७ दिवस चालतो. म्हणून ज्यांच्याकडे रुग्णांचे दूरध्वनी येतात त्यांना आठव्या दिवशी दुसरा छोटा संदेश पाठवावा : 'कोणत्या दिवशी सर्वाधिक विचारणा झाली, आणि कशाविषयी?' या शिबिरात बहुतेक विचारणा यूषाविषयी होती. पत्रकावर 'अकृत यूष' व 'कृत यूष' असे छापले होते आणि घरातील गृहिणी 'म्हणजे मुगाच्या पाण्याला फोडणी द्यायची की नाही?' असे विचारत होत्या. पत्रकात आता 'तूप-मीठ न घालता मुगाचे कढण' व 'तूप, मीठ, सुंठ घालून मुगाचे कढण' असे लिहिले जाते. संज्ञा आपल्यासाठी आहेत. पातेल्याजवळ उभ्या असलेल्या व्यक्तीसाठी नाहीत.

या पद्धतीकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. रुग्णाला उपशय किती मिळाला, हे सहकाऱ्यांच्या उत्तरांतून ठरत नाही. त्यासाठी रुग्णपत्रक व पुढील तपासण्या आहेत. अतियोगाची किंवा उपद्रवाची लक्षणे दिसल्यास संदेशाची वाट पाहण्याचा प्रश्नच येत नाही. उपचार व नोंद तत्क्षणी झाली पाहिजे. औषधाच्या दुष्परिणामाची शंका असल्यास ती आयुष औषधांसाठी असलेल्या राष्ट्रीय नोंद यंत्रणेकडे कळवावी. तिचे समन्वयन दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था करते. आणि प्रश्नांची संख्या वाढविण्याचा मोह होतोच. तीनाचे दहा झाले की उत्तरे 'सवडीने लिहितो' या वर्गात जातात आणि मग येत नाहीत.

उत्तरे देणाऱ्यांना त्यांचे काय झाले हे कळविणेही प्रश्नांइतकेच आवश्यक आहे. वरील शिबिराच्या संयोजकांनी दहाव्या दिवशी सर्वांना चार ओळी पाठविल्या : पीठावर जोडीजोडीने बसविणार, स्वेदनानंतर बसण्याची जागा व्हरांड्याऐवजी आतील खोलीत, बाटलीवर रेघांची पट्टी, आणि पत्रकातील यूषाचे शब्द बदलले. कोणाच्या उत्तरावरून काय बदलले, हे प्रत्येकाला त्यातून ओळखता येत होते. फार्मसीचालकांनी त्याच दिवशी उलट विचारले की पुढील शिबिराला बाटल्या किती लागतील आणि रिकाम्या बाटल्या कोणत्या दिवशी गोळा करावयाच्या.