शेवटची कधी घेतली?

या गटारीला आमच्या भागातल्या एका मंडळाने गटारीऐवजी संकल्प सोहळा ठेवला होता. एकेकाला मंचावर बोलावून, हातात नारळ देऊन, ‘आजपासून थेंबही घेणार नाही’ असं वदवून घेतलं. टाळ्या झाल्या, बायकापोरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या मंडळींच्या हेतूबद्दल मला शंका नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. त्या रांगेतल्या एकालाही कुणी विचारलं नाही की बाबा रे, तू रोज किती घेतोस, आणि सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का? शनिवारी मित्रांबरोबर दोन पेग घेणाऱ्याला नारळ देऊन घरी पाठवलं तर काही बिघडत नाही. ज्याला तोंड धुवायच्या आधी उताऱ्याची नाइन्टी लागते, त्याला तसंच घरी पाठवणं जिवावर बेतू शकतं.

असा एक माणूस मला गेल्या श्रावणापासून माहीत आहे. वय अठ्ठेचाळीस, एमआयडीसीत लेथवर काम. दहा-बारा वर्षं रोज दोन क्वार्टर. एका क्वार्टरमध्ये साधारण साठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे दिवसाला एकशे वीस ग्रॅम. सकाळची नाइन्टी घेतल्याशिवाय त्याचा हात मशिनवर स्थिर राहायचा नाही. घरच्यांना वाटे, नाइन्टीने त्याला तरतरी येते. खरं तर ती रात्रभरात उतरलेली दारू भरून काढत होती. अमावस्येच्या रात्री अकराच्या सुमारास त्याने शेवटची घेतली आणि देवापुढे हात जोडून सोडली.

प्रतिपदेच्या सकाळी हात थरथरायला लागले. दुपारपर्यंत घाम, मळमळ, उलट्या. चहाची कपबशी हातात धरवेना. घरच्यांनी ‘पित्त झालंय’ म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नेलं, तिथे ग्लुकोजची बाटली लावली आणि पित्ताचं इंजेक्शन दिलं. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मोरीच्या दाराशीच तो ताठ झाला, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. शेजाऱ्यांनी कांदा हुंगवला, कुणी चप्पल आणली, कुणी दातांत चमचा घालायला धावलं. फीट दोन मिनिटांत थांबली. एका खासगी दवाखान्यात फिटेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि घरी पाठवलं. तिसऱ्या रात्री तो अंथरुणावर बसून हवेत लेथ चालवू लागला. चक फिरवायचा, टूल पुढे सरकवायचा, मध्येच चादरीवरचे लोखंडाचे कीस वेचायचा. मुलाला ओळखेना. अंग तापलेलं, छाती धडधडत होती. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं आहे, अंगारा आणा. मुलाने ऐकलं नाही, 108 ला फोन लावला.

सिव्हिलमध्ये ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “दारू घेतात का?” भाऊ म्हणाला, “नाही हो मॅडम, सोडलीय त्याने.” बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. “शेवटची कधी घेतली?” मग वहिनी हळूच बोलल्या, “अमावस्येला.”

त्या एका उत्तरावर पुढचे सगळे उपचार फिरले. लोराझेपाम शिरेतून सुरू झालं, थायमिनची इंजेक्शनं सुरू झाली, साखर आणि क्षार तपासले, दर थोड्या वेळाने नाडी आणि रक्तदाब बघायला माणूस उभा राहिला. आठव्या दिवशी तो शुद्धीत, स्वतःच्या पायांनी घरी आला. चादरीवरचा कीस त्याला आठवत नव्हता.

हे का होतं? दारू मेंदूला रोज शांत बाजूला ओढते. वर्षानुवर्षं ओढ चालू राहिली की मेंदूही उलट्या बाजूला तितकाच जोर लावायला शिकतो, म्हणून तर पुष्कळ पिऊनही असा माणूस कामावर उभा राहू शकतो. रस्सीखेचीत समोरच्याने अचानक दोर सोडला की जोर लावणारा भेलकांडतो, तसं मेंदूचं होतं. पहिल्या सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, धडधड. साधारण दोन दिवसांपर्यंत फिटेचा धोका. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, काही जणांनाच पण घातक असा, भ्रमाचा झटका, ज्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. पूर्वी त्यात तिसऱ्या हिश्शापर्यंत रुग्ण दगावत असत. वेळेवर उपचार मिळाले तर हे प्रमाण आज काही टक्क्यांवर येतं. पंचांगावर मांडून बघा: अमावस्येला सोडली तर धोक्याचे सगळे दिवस नागपंचमीच्या आत येतात.

आता मला जी तुलना राहून राहून दिसते ती सांगतो. 25 मार्च 2020 ला देश बंद झाला आणि दारूची दुकानंही बंद झाली. कुणी शपथ घेतली नव्हती, कुणाला सोडायची इच्छा होती का, हा प्रश्नच नव्हता. तरी काही दिवसांत रुग्णालयांत थरथरणारे, फीट आलेले, भ्रमात बडबडणारे लोक येऊ लागले. बंगळुरूच्या डॉक्टरांनी अशा गुंतागुंतीच्या रुग्णांत वाढ झाल्याची नोंद केली. केरळात आत्महत्यांच्या बातम्या आल्या, आणि 30 मार्चला तिथल्या सरकारने आदेश काढला की डॉक्टरने विड्रॉलची लक्षणं असल्याची चिठ्ठी दिली तर एक्साइज खातं दारूचा पास देईल. तिथल्या सरकारी डॉक्टरांनी काळ्या फिती लावल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: विड्रॉलवर औषध आहे, आणि ते दारू नाही. 2 एप्रिलला केरळ उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

श्रावणात आपण घरोघरी तोच लॉकडाऊन लावतो. फरक एवढाच की इथे माणूस स्वतःच्या मनाने थांबतो. हा फरक त्याच्या मेंदूला कळत नाही. देवासाठी सोडली, मुलीच्या लग्नासाठी सोडली, की दुकान बंद म्हणून सोडली, तिसरी रात्र सारखीच येते. म्हणून कुणी विड्रॉलमध्ये थरथरायला लागला की ‘मन खंबीर ठेव’ म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. लेथवाल्याचं मन खंबीरच होतं. तीन दिवस त्याने बाटलीला हात लावला नव्हता, नेमकं म्हणूनच तो सिव्हिलच्या खाटेवर होता.

आणि एका बाबतीत श्रावण लॉकडाऊनपेक्षा जास्त घातक आहे, असं माझं ठाम मत आहे. 2020 च्या एप्रिलमध्ये फीट आलेला पुरुष दिसला की डॉक्टरांच्या डोक्यात दारूचाच प्रश्न आधी यायचा, कारण दुकानं बंद असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. श्रावणात ते कुणाला ठाऊक नसतं आणि घरचे अभिमानाने सांगतात, ‘सोडली आहे.’ त्यांच्या लेखी तो आता दारू पिणारा राहिलेला नसतो, मग सांगायचं काय? मांडीचं हाड मोडून दाखल झालेल्या माणसाच्या बाबतीतही हेच घडतं. ऑपरेशन व्यवस्थित होतं आणि तिसऱ्या रात्री तो सलाईन उपटतो. नातेवाईक म्हणतात भुलीचा परिणाम, आणि घरी रोज दोन क्वार्टर चालत होत्या हे केसपेपरवर कुठेच नसतं.

ग्लुकोजच्या बाटलीबद्दलही बोललं पाहिजे. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, बहुधा संपत आलेलं असतं. मेंदूला साखर वापरायला तेच लागतं. थायमिन न देता नुसती ग्लुकोज चढवली तर उरलंसुरलंही खर्च होतं आणि वेर्निके नावाचा विकार उद्भवू शकतो: गोंधळलेपण, डोळ्यांच्या हालचाली बिघडणं, चालताना तोल जाणं. वेळीच थायमिन शिरेतून दिलं तर तो सुधारू शकतो, उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. रक्तातली साखर खरोखरच घसरली असेल तर ग्लुकोज थांबवायची नसते, दोन्ही बरोबर द्यायचं असतं. ‘जरा सलाईन लावा’ म्हणण्याआधी त्या दवाखान्यात दारूची गोष्ट सांगा.

मग सुरुवात कुठून? सोडायच्या आधीच्या दिवसापासून. रोज भरपूर पिणारा, सकाळी उतारा लागणारा, आधी कधी सोडताना फीट किंवा भ्रम झालेला, झोपेच्या गोळ्याही घेणारा, लिव्हरचा किंवा हृदयाचा आजार असलेला, यांतलं काहीही असेल तर घरी एकदम बंद करायची नाही. पूर्वी जितक्या वेळा असं अर्धवट सोडून झालंय, तितकी पुढची वेळ जड जाऊ शकते. डॉक्टरांकडे जाईपर्यंतचे एक-दोन दिवस वाढवायची नाही आणि शून्यावरही आणायची नाही, हे मी लिहिलं की वाचक रागावतात, तरी लिहितो. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभागाची ओपीडी असते, तिथे जा. कुठे जायचं कळत नसेल तर टेलिमानसचा 14416 किंवा व्यसनमुक्तीचा 14446, दोन्ही सरकारी आणि मोफत आहेत. डॉक्टर हात पुढे करायला लावतील, नाडी आणि रक्तदाब बघतील, लिव्हरची तपासणी करतील, आणि घरी ठेवायचं की दाखल करायचं ते ठरवतील. घरी ठेवलं तर गोळ्यांचा डोस पाच-सात दिवसांत उतरवत आणतात. पूर्ण पाकीट त्याच्या हाती द्यायचं नाही. न पिणाऱ्या एका माणसाने ते ठेवायचं आणि मोजून द्यायचं, कारण त्या गोळ्यांवर दारू घेतली तर श्वास मंदावू शकतो. फीट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि 108 ला फोन करा. दिवस-वार विसरला, नसलेलं दिसू लागलं, ताप चढला, तरीही 108.

गुपचूप भाजीत मिसळायच्या पावडरींवर मी इथे याआधी लिहिलं आहे आणि पुन्हा लिहीन. अशा पावडरीत डायसल्फिराम असलं तर त्याने विड्रॉल थांबत नाही. उलट माणूस नकळत वर प्यायला तर चेहरा लाल होतो, धडधड वाढते, रक्तदाब कोसळतो. ते औषध ज्याला द्यायचं त्याला सांगून, तपासून आणि दारू थांबल्यानंतरच दिलं जातं.

गोळ्यांचे ते पाच-सात दिवस संपले की शरीर सुटतं, ओढ तशीच राहते. त्यासाठी पुढचे महिने लागतात. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेटसारखी औषधं, समुपदेशन, एएच्या मीटिंगा. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हे काम करतं; तिथला मुक्काम 35 दिवसांचा असतो आणि दारू शरीरातून उतरवणं हा त्याचा केवळ पहिला भाग असतो. आमच्या लेथवाल्याने डिसेंबरात एकदा पुन्हा घेतली. या वेळी वहिनींनी देवापुढे नेलं नाही. दुसऱ्या सकाळीच ओपीडीत नेलं, आणि डॉक्टरांनी विचारायच्या आत स्वतःच सांगितलं, “काल रात्री नऊला, एक क्वार्टर.”